एकच खरारा, दोन रोग

पांजरापोळीच्या दारातून आत येणारे जनावर आपला पूर्वेतिहास सोबत आणीत नाही. दुकानात माल येतो तेव्हा बिल असते, पावती असते, पेठेचे नाव असते. बाजारातून सोडवून आणलेल्या शेळीजवळ यातले काहीच नसते. ती कोणत्या कळपात वाढली, कोणत्या वाहनात किती जनावरांना चिकटून उभी राहिली, हे आपल्याला ठाऊक नसते. तिच्या कातडीवर मात्र त्या प्रवासाच्या खुणा असतात आणि त्या वाचता आल्या नाहीत, तर एका जनावराला वाचवताना आपण दहा जनावरांना आजारी करतो. आमच्या तालुक्याच्या गावी पांजरापोळीचा हिशेब आणि कोठार पाहण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने गजकर्ण आणि खरूज या दोन रोगांची जी ओळख झाली, ती वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबे कुठल्या ना कुठल्या गोशाळेशी जोडलेली असल्यामुळे ती उपयोगी पडावी.

त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी सुरू झाली आणि आमच्या दोन गोठ्यांत एकाच सुमारास कातडीचे विकार दिसू लागले. वासरांच्या गोठ्यात नऊ वासरांच्या डोळ्यांभोवती, कपाळावर आणि मानेवर रुपयाएवढे गोल, राखाडी डाग उठले होते. ओली राख थापून वाळवावी तशी जाड खपली त्यांवर होती. पलीकडच्या शेडमध्ये सतरा शेळ्या होत्या. त्यांपैकी सहा शेळ्यांचे कान जाड आणि सुरकुतलेले झाले होते, तोंडाभोवतीचे केस गेले होते, आणि त्या दिवसभर खांबाला अंग घासत होत्या. विश्वस्तांच्या बैठकीत साहजिकच सूचना आली की, कातडीचा रोग तो कातडीचा रोग. कीडनाशकाचा एक मोठा डबा आणावा, पंपाने सगळ्या जनावरांवर आणि दोन्ही गोठ्यांवर फवारावा, म्हणजे एका दिवसात विषय संपेल.

हिशेबाच्या दृष्टीने ती सूचना स्वस्तातली होती. परंतु आमचे पशुवैद्य डॉक्टर बैठकीत म्हणाले, "शेठजी, औषध उद्या आणू. आज फक्त पंधरा मिनिटे माझ्याबरोबर गोठ्यात उभे राहा आणि जनावराला हात न लावता नुसते पाहा."

आम्ही उभे राहिलो. पंधरा मिनिटांत एकाही वासराने अंग खाजवले नाही. ती चारा खात होती, एकमेकांना ढुशा देत होती. डाग भयंकर दिसत असले, तरी त्यांचे त्यांना काही वाटत नसावे. शेळ्यांच्या शेडमध्ये याच्या उलट दृश्य होते. एक शेळी मागच्या खुराने कान खाजवत होती, दुसरी दातांनी मांडी चावत होती, आणि गव्हाणीत चारा असूनही दोघी-तिघी खांबाला घासत उभ्या होत्या. खाज हीच पहिली आणि सर्वांत मोठी खूण. गजकर्णात ती बहुधा नसते किंवा अगदी थोडी असते. खरजेत ती जनावराला खाऊ देत नाही, बसू देत नाही, आणि त्यामुळेच अंग झडत जाते.

याचे कारण दोन्ही रोगांच्या मुळात आहे. गजकर्ण ही बुरशी आहे. गाई-वासरांत ती बहुधा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या जातीची असते. ती कातडीच्या वरच्या मृत थरावर आणि केसांवर जगते. आत शिरत नाही. एका बिंदूपासून ती चहूकडे सारखी पसरते, म्हणून डाग गोल होतो, कडेचे केस तुटतात आणि मध्यभागी खपली साचते. वासरांना ती अधिक होते, कारण त्यांच्या शरीराला तिची ओळख नसते. एकदा होऊन गेलेल्या मोठ्या गाईला ती सहसा पुन्हा होत नाही. खरूज मात्र बुरशीमुळे होत नाही. तिच्या मुळाशी आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा सजीव किडा असतो. सार्कोप्टिस नावाच्या जातीची मादी कातडीत बोगदा करते आणि त्यात अंडी घालते. ही हालचाल आणि तिचा मळ यांमुळे कातडी पेटून उठते. डागाला नेमका आकार नसतो. कातडी जाड होते, वळ्या पडतात, आणि रोग कान, तोंड, पापण्या, मांड्यांच्या आतली बाजू असा सरकत जातो. मोठे जनावर म्हणून ती सोडत नाही.

तिसरी खूण आमच्या गोठ्यातल्या जुन्या सेवकाच्या हातावर सापडली. त्यांना आम्ही सारे मामा म्हणतो. वासरांना खरारा करताना त्यांच्या मनगटाच्या वर एक लालसर कडे उमटले होते, कडेने उठावदार आणि मध्ये फिकट. गाईचे गजकर्ण माणसाला लागते आणि माणसाच्या कातडीवर ते अधिक चिडीचे होते. शेळीची खरूजही माणसाला खाज आणते. बारीक पुरळ उठते, पण तो किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही आणि शेळ्या बऱ्या झाल्या की काही दिवसांत खाज आपोआप थांबते. मामांनी गावातल्या औषधाच्या दुकानातून एक मलमाची नळी आणली होती. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले होते. अशा मलमाने दोन दिवस लाली कमी होते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आतल्या आत पसरते. डॉक्टरांनी ती नळी बंद करवून मामांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. वासरांनाही तसले मलम लावू नये, हे ओघाने आलेच.

डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा बहुतेक वेळा खऱ्या ठरतात. उरलेल्या वेळांसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. गजकर्णावर जखम होऊन ती चिघळली तर थोडी खाज येऊ शकते. उवांमुळेही जनावर खाजवते. शेळीला जस्त कमी पडले तरी खपल्या धरतात. म्हणून डॉक्टरांनी नमुने घेतले, आणि दोन्हींची पद्धत वेगळी होती. वासराच्या डागाच्या मध्यभागातून काहीच घेतले नाही, कारण तिथली बुरशी बरीचशी मेलेली असते. कडेचे तुटके केस चिमट्याने मुळासकट उपटले, त्यांसोबत थोडा कोंडा घेतला, आणि ते कागदी लिफाफ्यात ठेवले. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि दुसरीच बुरशी वाढते. शेळीच्या बाबतीत बोथट पात्याला लिक्विड पॅराफिनचा थेंब लावून, डागाच्या कडेची कातडी रक्ताची बारीक लव दिसेपर्यंत खरवडली. किडा बोगद्यात असतो; वरवरच्या खपलीत तो सापडत नाही, आणि म्हणूनच हलक्या हाताने घेतलेला नमुना अनेकदा निर्दोष दिसतो. तालुक्याच्या दवाखान्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवून पाहिल्यावर केसांभोवती बुरशीच्या बीजाणूंचे आवरण दिसले, आणि शेळीच्या नमुन्यात दोन किडे व काही अंडी.

आता प्रश्न औषधाचा होता, आणि तो आमच्यासाठी केवळ वैद्यकीय नव्हता. आमच्यातले वयाने सर्वांत मोठे विश्वस्त, ज्यांना मी काका म्हणतो, ते म्हणाले, "अरे, शेळीला वाचवायला आपण पांजरापोळ चालवतो. त्या किड्याला मारायला आपण कोण?" या प्रश्नावर हसण्यासारखे काहीच नव्हते. डॉक्टरांनीही तो हसण्यावारी नेला नाही. ते म्हणाले, "काका, वासरांना कीडनाशकाची गरजच नाही. बुरशीवर ते चालत नाही. सगळीकडे फवारले असते, तर नऊ वासरांना काडीचा लाभ न होता गोठ्यातल्या मुंग्या, कोळी, पाखरे फुकट मेली असती. शेळ्यांना फवारा न देता सुई दिली, तर औषध फक्त त्या शेळीच्या अंगात जाईल. आज सतरा शेळ्या आहेत. महिना थांबलो, तर शेळ्या झडून मरतील आणि किडे मात्र कितीतरी पट होतील." काका बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खर्चाच्या कागदावर सही केली, पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी अन्न घेतले नाही. हिंसा शून्य होण्याचा मार्ग तिथे नव्हता. अकारण हिंसा टाळण्याचा होता, आणि तो अचूक निदानातून जात होता.

शेळ्यांना आयव्हरमेक्टिनची सुई कातडीखाली दिली. पुस्तकी मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक टक्क्याचे औषध ५० किलो वजनाला एक मिलिलिटर, आणि २५ किलोच्या शेळीला अर्धा. इतक्या लहान मापात अंदाजाने काम चालत नाही. आम्ही दुकानातला टांगायचा काटा नेला, बारदानाची झोळी केली आणि प्रत्येक शेळी तोलली. डोळ्यांच्या अंदाजात आणि काट्यात काही शेळ्यांच्या बाबतीत पाच-सहा किलोंचा फरक निघाला. कमी मात्रेने काही किडे वाचतात आणि पुढे तेच औषधाला दाद देईनासे होतात. शेळीला ही मात्रा कधी वाढवावी लागते. ते पशुवैद्यानेच ठरवायचे.

सहा आजारी शेळ्यांनाच नव्हे, सतराही शेळ्यांना त्याच दिवशी सुई दिली, कारण खाज सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच किडा अंगावर आलेला असतो. औषध अंड्यांना मारत नाही. म्हणून अंडी फुटून निघालेली नवी पिढी पुन्हा अंडी घालू लागण्यापूर्वी, म्हणजे चौदाव्या दिवशी, दुसरी सुई दिली. बहुतेक ठिकाणी उपचार फसतो तो इथेच: आठवड्याभरात खाज थांबते, जनावर खाऊ लागते, आणि दुसरी सुई राहून जाते. महिन्याभरात रोग परत येतो आणि दोष औषधाला दिला जातो. जाड झालेल्या कानांच्या खपल्या कोमट साबणाच्या पाण्याने मऊ करून त्यांवर दहा टक्के गंधकाचे मलम लावले.

दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या पाहिजेत. हे औषध दुधात उतरते. म्हणून दुभत्या जनावराची माहिती आधीच डॉक्टरांना द्यावी आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध घरात घेऊ नये. दुसरे असे की ते मुख्यतः लेंड्या-शेणावाटे बाहेर पडते आणि शेणात राहणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांना मारते. आम्ही त्या दिवसांतल्या लेंड्या उघड्या माळावर न टाकता वेगळ्या झाकलेल्या खड्ड्यात घातल्या. ही सूचना काकांनीच उचलून धरली होती. ज्या पांजरापोळीत म्हातारे घोडे असतात, तिथे आणखी एक सावधगिरी हवी. गोचिडांसाठी गाईंवर वापरतात ते अमिट्राझ घोड्याच्या आतड्याची हालचाल थांबवते. ते घोड्यावर कधीही फवारू नये.

वासरांचा उपचार साधा पण चिकाटीचा होता. गजकर्ण दोन ते चार महिन्यांत बहुधा आपोआप बरे होते. मग औषध कशासाठी? तर रोग पसरवणारी खपली कमी व्हावी आणि पुढची वासरे वाचावीत यासाठी. हातमोजे घालून खपली कोमट साबणाच्या पाण्याने भिजवायची, मऊ झाली की हळुवार काढायची, ओढून रक्त काढायचे नाही. निघालेला प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर झेलून जाळायचा. मग पोव्हिडोन आयोडीन किंवा व्हिटफील्डचे मलम डागावर आणि डागाच्या बाहेर दोन बोटे रोज लावायचे. दिसणाऱ्या कडेपलीकडेही बुरशी पोचलेली असते. डोळ्यांजवळ ही जळजळणारी औषधे न लावता डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलचे साधे मलम दिले. वासरे सकाळी उन्हात बांधली. कडेला नवे केस दिसू लागले आणि डाग मोठा होणे थांबले, की उपचार लागू पडला असे समजायचे; केस लगेच भरून येत नाहीत.

खरी लढाई मात्र जनावरांच्या अंगावर नव्हती. ती खरारा, दावी आणि खांब यांवर होती. वासरांच्या गोठ्यात एकच खरारा होता, आणि तो नऊही वासरांवरून रोज फिरत होता. वाढदिवसाला घास घालायला येणारी आपली मुले त्याच खराऱ्याने वासराला कुरवाळीत. शेवटी तो शेळ्यांच्या शेडमध्येही जाई. खराऱ्याच्या दातांत अडकलेला केस म्हणजे बुरशीच्या बियांची थैलीच होती.

इथे दोन्ही रोगांत एक मोठा फरक आहे, आणि तो ध्यानात आला की पुढचे सारे नियम आपोआप सुचतात. खरजेचा किडा जनावराच्या अंगाबाहेर फार जगत नाही. कोरड्या उन्हात काही दिवस, थंड-ओलसर जागेत फार तर दोन-तीन आठवडे. म्हणून शेळ्यांची शेड झाडून तीन आठवडे रिकामी ठेवली आणि त्यांना पलीकडच्या अंगणात हलवले. तेवढ्याने काम झाले, विष फवारावे लागले नाही. बुरशीचे बीजाणू मात्र वाळलेल्या खपलीत, लाकडाच्या भेगेत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तिथे वाट पाहून चालत नाही, धुवावेच लागते.

वासरांची लाकडी मुठीची जुनी ब्रशे, तागाची दावी आणि झुली जाळून टाकल्या. लोखंडी खरारा पाण्यात उकळला. गोठ्यात आधी मऊ झाडूने हलकेच झाडून मुंग्या-किड्यांना बाजूला होऊ दिले, मग खांब आणि गव्हाणी पाणी शिंपडून ओल्या ब्रशाने घासल्या, कारण कोरडे घासले की बीजाणू धुळीबरोबर उडतात आणि आपल्याच नाकातोंडावर येतात. साबणाने मळ निघाल्यावर सोडियम हायपोक्लोराइट लावले: पाच टक्क्यांचे द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग. ते दहा मिनिटे ओले राहू दिले, मग धुतले. मळावर ओतलेले हायपोक्लोराइट वाया जाते. आणि ते फिनेल किंवा आम्लात मिसळले तर विषारी वायू होऊ शकतो, म्हणून वेगळेच वापरावे. भिंतींना वर चुना दिला आणि दक्षिणेकडचे दोन पत्रे काढून ऊन आत घेतले.

परिणाम दोन वेगवेगळ्या वेगांनी दिसला. शेळ्यांची खाज पहिल्या आठवड्यात ओसरली, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतलेल्या खरवडीत किडा सापडला नाही. वासरांना अडीच महिने लागले. पाचव्या आठवड्यात आणखी दोन वासरांना डाग उठले, तेव्हा काहींचा धीर सुटला. पण लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जातात. त्यांच्या अंगावर ती स्वच्छतेच्या आधीच आलेली असावी. त्यांनंतर नवे वासरू आजारी पडले नाही.

आता आमच्याकडे नवे जनावर आले की ते तीस दिवस वेगळ्या छपरात राहते, कारण तेवढ्यात दोन्ही रोग बहुधा उघडे पडतात. रोजचे काम निरोगी जनावरांपासून सुरू होते, मग वासरांकडे, आणि आजारी शेळ्या शेवटी; तिथला अंगरखा तिथेच टांगलेला राहतो. प्रत्येक गोठ्याच्या दाराशी एक खुंटी आहे आणि तिच्यावर रंग दिलेला खरारा आहे: गाईंचा पांढरा, वासरांचा पिवळा, शेळ्यांचा निळा, नव्या जनावरांचा लाल. रंग ओळखायला अक्षर यावे लागत नाही. आपल्या गोशाळेत पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल, तेव्हा खरारे किती आहेत तेवढे एकदा मोजून पाहा. एकच निघाला, तर दान देण्यापूर्वी आणखी तीन खरारे आणि रंगाचा एक छोटा डबा घेऊन जा.